विश्लेषण : अ‍ॅपची चाचणी करणाऱ्या बारा जणांचे आभार नेमके कधी मानायचे?

छत्रपती संभाजीनगर : तुमच्या ओळखीतल्या कुणी अ‍ॅप तयार केले असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक आलेली आठवत असेल. ‘काका, एवढं दोन आठवडे मोबाइलमध्ये राहू द्या’ अशी विनंतीही सोबत असते. पंधरवडा उलटला की दुसरा संदेश येतो : मनापासून आभार, ही छोटीशी भेट, आणि जाता जाता अ‍ॅपबद्दल चार शब्द सांगा. हा दुसरा संदेश वरवर शिष्टाचाराचा वाटतो. प्रत्यक्षात तो चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या शब्दांत गेला, तर महिनाभराचे काम अडकू शकते. याचे कारण गूगल प्ले स्टोअरच्या एका नियमात आहे.

बारा जण आणि चौदा दिवस ही भानगड काय?

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी प्ले स्टोअरवर डेव्हलपर म्हणून वैयक्तिक खाते उघडले, त्यांना नवे अ‍ॅप थेट सर्वांसाठी खुले करता येत नाही. आधी ‘क्लोज्ड टेस्ट’ म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी घ्यावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० टेस्टर लागत. छोट्या डेव्हलपरांची ओरड झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. दिवस मात्र तेवढेच राहिले, सलग १४. कंपनी किंवा संस्थेच्या नावाने काढलेल्या खात्याला ही अट नाही. त्यामुळे तिचा भार पडतो तो मुख्यतः विद्यार्थ्यांवर आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी अ‍ॅप बनवणाऱ्यांवर.

‘सलग’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागण्याचा अर्ज ज्या दिवशी भरायचा, त्या दिवशी किमान १२ जण मागचे १४ दिवस खंड न पडता चाचणीत सामील असले पाहिजेत. टेस्टर लिंक उघडतो, `Become a tester` दाबतो आणि मग अ‍ॅप उतरवून घेतो. त्याच पानावर बाहेर पडण्याचीही सोय असते. कुणी सहाव्या दिवशी बाहेर पडला आणि आठव्या दिवशी परत आला, तर त्याचे दिवस पहिल्यापासून मोजले जातात.

फोनमधून अ‍ॅप काढून टाकणे आणि चाचणीतून बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना माहीत नसते. बारा जणांची मोजणी चाचणीत सामील असण्यावर होते. म्हणून सगळ्यांनी अ‍ॅप काढून टाकले तरी चालेल असे मात्र नाही. टेस्टरांनी अ‍ॅप खरोखर वापरले का, हेही गूगल अर्जात विचारते. नुसती नावे भरलेली यादी असेल, तर ‘आणखी चाचणी घ्या’ असे उत्तर येऊ शकते.

आभार लवकर मानले तर काय बिघडते?

एक उदाहरण कल्पून पाहू. या शहरात नळाला पाणी कधी येणार हा घरोघरचा प्रश्न. नाथसागर एवढा जवळ असूनही अनेक वसाहतींना काही दिवसांच्या अंतरानेच पाणी मिळते. समजा, अभियांत्रिकीच्या तीन विद्यार्थ्यांनी यावर एक अ‍ॅप केले. वसाहत निवडायची, पाण्याची वेळ ठरली की फोनवर सूचना येते. त्यांनी १६ टेस्टर जमवले. त्यात गारखेड्यातल्या मावशी आहेत, सिडकोतले मेडिकलवाले आहेत, वसतिगृहातले मित्र आहेत आणि एक टँकरवालाही आहे. १३ जण एक तारखेला सामील झाले. उरलेल्या तिघांना दोनदा फोन करावा लागला. ते पाच तारखेला आले.

बारा तारखेला मुलांना वाटले, काम झाले. त्यांनी ग्रुपवर टाकले : ‘चाचणी पूर्ण झाली, सर्वांचे आभार! प्रत्येकाला ५१ रुपये पाठवले आहेत. आता अ‍ॅप डिलीट केले तरी चालेल. अ‍ॅप कसे वाटले ते जरूर कळवा.’ संदेशात वावगे काही नाही. पण दोघे जरा जाणकार निघाले. त्यांनी अ‍ॅप काढलेच, शिवाय लिंकच्या पानावर जाऊन चाचणीतूनही बाहेर पडले. एक तारखेच्या तेरा जणांपैकी अकरा उरले. पंधरा तारखेला, जेव्हा १४ दिवस भरायचे होते, तेव्हा एक माणूस कमी पडला. पाच तारखेला आलेले तिघे हाताशी होते म्हणून निभावले. त्यांचे १४ दिवस १९ तारखेला भरले आणि अर्ज चार दिवस उशिरा गेला. ते तिघे नसते, तर नवा टेस्टर शोधून पुन्हा पूर्ण चौदा दिवस थांबावे लागले असते.

आणि अर्ज गेला म्हणजे सुटका झाली असेही नाही. त्याची तपासणी साधारण आठवडाभरात होते, कधी जास्त वेळ लागतो. अर्ज परत आला, तर चाचणी चालूच ठेवावी लागते, आणि तेव्हा हेच बारा जण पुन्हा हवे असतात. म्हणून निरोपाचा संदेश परवानगी हाती आल्यावरच पाठवायचा. त्याआधी आभार मानायला हरकत नाही, मात्र त्यात ‘संपले’ असा सूर नको. ‘अजून आठ-दहा दिवस चाचणीत राहा, मी सांगेन तेव्हा बाहेर पडा’ हे एक वाक्य त्यात असले पाहिजे. बक्षीस एकदाच द्यायचे असेल, तर तेही त्या शेवटच्या संदेशासोबत शोभते. पैसे हातात पडले की व्यवहार पूर्ण झाला असेच माणसाला वाटते.

मग अभिप्राय कधी मागायचा?

अभिप्रायासाठी निरोपापर्यंत थांबता येत नाही. अर्जातले बरेचसे प्रश्न चाचणीबद्दलचे असतात : टेस्टर कसे मिळवले, त्यांनी अ‍ॅप कसे वापरले, त्यांचे म्हणणे काय होते आणि त्यावरून तुम्ही काय बदल केले. शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर बदल अर्जाआधी झालेला हवा. त्यामुळे अभिप्रायाची विनंती दहाव्या-अकराव्या दिवशी गेलेली बरी. दुरुस्तीला तीन-चार दिवस मिळतात आणि दुरुस्त केलेली आवृत्ती त्याच लोकांना पुन्हा दाखवता येते.

पाण्याच्या अ‍ॅपला इथे एक खास अडचण आहे. एखाद्या वसाहतीत आठ दिवसांआड पाणी येत असेल, तर चौदा दिवसांत ते फार तर दोनदा येणार. म्हणजे त्या टेस्टरने अ‍ॅपचे मुख्य काम दोनच वेळा पाहिलेले असणार. बाकीचे दिवस अ‍ॅप फोनमध्ये नुसते पडून होते. अशा माणसाला ‘अ‍ॅप कसे वाटले?’ विचारले, तर ‘छान आहे’ आणि अंगठा एवढेच येणार. त्यातून मावशी असतील तर भाच्याच्या अ‍ॅपला नाव ठेवणार कशा?

विचारायचे ते त्या दोन वेळांबद्दल. या पंधरवड्यात तुमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी आले? सूचना पाण्याच्या आधी आली, नंतर आली, की आलीच नाही? तुमचा फोन कोणता? या प्रश्नांना मत लागत नाही, आठवण लागते. त्यामुळे कुणाला वाईट वाटेल म्हणून कुणी उत्तर गोड करत नाही. ‘आली नाही’ हे सांगताना मावशींना संकोच वाटायचे कारण नाही.

‘सूचना आली नाही’ या एका उत्तरामागे किती कारणे?

निदान तीन, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. पहिले कारण परवानगीचे. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला सूचना दाखवण्यासाठी वापरणाऱ्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर प्रश्न येतो आणि घाईत ‘नको’ दाबले जाते. त्यानंतर कितीही पाणी आले तरी फोन गप्पच राहणार. हे ओळखणे सोपे आहे. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे बटण बंद दिसते.

दुसरे कारण बॅटरी वाचवण्याचे. काही कंपन्यांचे फोन, न उघडलेल्या अ‍ॅपला मागे चालू देत नाहीत. आठ दिवसांतून एकदा लागणारे अ‍ॅप अशा फोनच्या नजरेत निकामीच ठरते. याची खूण अशी की परवानगी चालू असते, पण सूचना अ‍ॅप उघडल्यावर एकदम येऊन पडते. टेस्टर सांगतो, ‘मी उघडलं तेव्हा वाजला.’ म्हणूनच फोन कोणता हे विचारायचे. पाचही तक्रारी एकाच बनावटीच्या फोनवरून आल्या, तर दोष कुठे पाहायचा ते कळते.

तिसरे कारण तांत्रिक नाहीच. पाण्याची वेळ बदलली आणि ती माहिती भरणारा मुलगा परीक्षेला बसला होता. या वेळी एका वसाहतीतल्या सगळ्यांची तक्रार एकाच दिवसाची असते, फोन मात्र वेगवेगळे असतात. उत्तरे एका कागदावर वसाहत, दिवस आणि फोन अशा तीन रकान्यांत मांडली, की ही तिन्ही कारणे डोळ्यांनी वेगळी दिसतात. बारा-सोळा जणांसाठी याहून मोठे साधन लागत नाही.

अशा उत्तरांत एखादी न विचारलेली गोष्टही येते, म्हणून शेवटी एक मोकळी जागा ठेवावी. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. नवे नाव लांब असल्याने लहान पडद्यावर ते ‘छत्रपती संभा…’ वर तुटते, ही तक्रार बनवणाऱ्याला सुचणार नाही, कारण त्याचा फोन मोठा असतो. शोधताना अजूनही ‘औरंगाबाद’ टाइप करणारे आजोबा रिकामे पान पाहून फोन ठेवून देतात, तेही असेच कुणी सांगेल तेव्हाच कळते.

बक्षीस द्यायचे तर किती, आणि कशाबद्दल?

इथे प्ले स्टोअरचा दुसरा नियम आडवा येतो. पैसे किंवा भेट देऊन मानांकन, परीक्षण किंवा डाउनलोडची संख्या फुगवायला मनाई आहे. ‘पाच तारे द्या आणि ५१ रुपये मिळवा’ हा संदेश सरळ नियमभंग आहे. चाचणीच्या काळातले टेस्टरचे मत तसेही जाहीर मानांकनात धरले जात नाही, ते फक्त डेव्हलपरला दिसते. खरा मोह अ‍ॅप खुले झाल्यावर होतो, जेव्हा पानावर एकही तारा नसतो. त्यामुळे निरोपाच्या संदेशात बक्षीस आणि ‘प्ले स्टोअरवर रिव्ह्यू द्या’ ही विनंती शेजारी शेजारी ठेवूच नये. रिव्ह्यूची विनंती करायचीच, तर नंतर वेगळी करावी, आणि ‘जे वाटले ते लिहा’ एवढीच. अ‍ॅप उतरवून घ्यायचे आमिष म्हणून आधीच रक्कम जाहीर करणेही टाळलेले बरे. भेट नंतर, न सांगता दिलेली चांगली.

रक्कम छोटी असावी हे ठीक, पण छोट्या रकमेचाही एक धोका आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शाळकरी मुलांना दारोदार देणगी गोळा करायला पाठवले होते. काहींना नुसते कामाचे महत्त्व सांगितले, काहींना जमलेल्या रकमेच्या १ टक्का देऊ केले, काहींना १० टक्के. सर्वात कमी रक्कम १ टक्केवाल्यांनी आणली. सर्वात जास्त आणली ती काहीच न मिळणाऱ्यांनी. मोबदला म्हटले की माणूस भाव करतो, आणि भाव कमी वाटला की हात आखडतो. मावशींनी दोन आठवडे अ‍ॅप सांभाळले ते भाच्यासाठी. त्याला ‘मेहनताना ५१ रुपये’ म्हटले तर ते कमीपणाचे वाटते. तेच ‘आमच्याकडून चहा’ म्हणून पाठवले तर गोड लागते. आकडा तोच राहतो.

बक्षीस चुकीबद्दल द्यावे, कौतुकाबद्दल नव्हे, याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नुथ यांचे. आपल्या पुस्तकात जो पहिल्यांदा चूक दाखवेल त्याला ते २.५६ डॉलरचा धनादेश पाठवत. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायावरचा एक डॉलर, असा त्यांचा विनोद होता. अनेकांनी तो धनादेश वटवलाच नाही, चौकटीत बसवून भिंतीवर लावला. पुढे धनादेशावरच्या बँक खात्याच्या क्रमांकांचा गैरवापर होऊ लागला, म्हणून २००८ मध्ये क्नुथ यांनी खरे धनादेश थांबवले आणि एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. मागणी तरीही कमी झाली नाही.

पाण्याच्या अ‍ॅपच्या मुलांना त्यातून घेण्यासारखे म्हणजे भेट सर्वांना सारखी ठेवावी, आणि ज्याच्या सांगण्यावरून दुरुस्ती झाली त्याचे नाव घेऊन ते सांगावे. सोळा जणांचे ५१ रुपये म्हणजे ८१६ रुपये. पैसे नसतील तर अ‍ॅपमधली एखादी विकतची सोय काही महिने फुकट देता येते. त्यासाठी प्ले स्टोअर प्रोमो कोड काढू देते. अर्थात, अ‍ॅपमध्ये विकतचे काहीच नसेल तर या कोडचा उपयोग नाही.

संदेश प्रत्यक्षात कसा असावा?

पहिला, दहाव्या-अकराव्या दिवशी, शक्यतो ग्रुपवर नव्हे तर एकेकाला :

‘मावशी, अ‍ॅप दहा दिवस ठेवलंत, खूप मदत झाली. तीन गोष्टी सांगाल का? एक, या दिवसांत नळाला पाणी कोणत्या तारखांना आलं? दोन, फोन आधी वाजला, नंतर, की वाजलाच नाही? तीन, तुमचा फोन कोणता? लिहायचा कंटाळा आला तर बोलून पाठवा. अ‍ॅप अजून काढू नका, चाचणीतूनही बाहेर पडू नका. परवानगी आली की मीच सांगतो.’

‘बोलून पाठवा’ हे छोटे वाक्य दिसते, पण गूगल फॉर्म न उघडणारे कितीतरी जण आवाजाचा संदेश सहज पाठवतात. एकेकाला पाठवण्याचे कारणही साधे आहे. ग्रुपवर पहिल्याने ‘एक नंबर’ लिहिले की पुढचे सगळे तेच लिहितात.

दुसरा, परवानगी मिळाल्यावर :

‘मावशी, आपलं अ‍ॅप आता सर्वांसाठी खुलं झालं. फोन पाणी येऊन गेल्यावर वाजला असं तुम्ही सांगितलंत, त्यावरून आम्ही आदल्या रात्रीही एक सूचना ठेवली. आमच्याकडून चहासाठी ५१ रुपये पाठवलेत, तुम्हाला काहीही दाबायचं नाही. चाचणीतून बाहेर पडायचं असेल तर जुन्या लिंकवर जाऊन पडता येईल. अ‍ॅप काढून पुन्हा घेतलं तर तुमची वसाहत परत निवडावी लागेल.’

शेवटच्या वाक्याला अर्थ आहे. चाचणीतून बाहेर पडल्यावर फोनमधली आवृत्ती चाचणीचीच राहते. सर्वांसाठीची आवृत्ती नवी असेल तर ती पुढच्या अपडेटने येते. नाहीतर अ‍ॅप काढून पुन्हा घ्यावे लागते, आणि फक्त फोनमध्येच साठवलेली माहिती त्यात पुसली जाते. पाण्याच्या अ‍ॅपमध्ये यात फक्त वसाहतीचे नाव जाईल. हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये पंधरा दिवसांची उधारी जाऊ शकते, तिथे ही सूचना आधी आणि ठळक हवी.

असा संदेश आला तर वाचकाने काय पाहावे?

आभार, बक्षीस आणि लिंक हीच तीन अंगे फसवणुकीच्या संदेशातही असतात. ‘अ‍ॅपला रेटिंग द्या, पैसे मिळवा’ म्हणत सुरुवातीला शे-दोनशे रुपये देणारे आणि नंतर मोठी रक्कम भरायला लावणारे प्रकार सर्रास चालतात. खऱ्या चाचणीत अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच येते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर `.apk` फाइल पाठवून ‘ही टाका’ म्हणत असेल तर थांबावे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर ‘पैसे द्या’ अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. त्यामुळे ‘बक्षीस स्वीकारण्यासाठी मंजुरी द्या’ ही भाषा दिसली की ती खोटी समजावी. क्यूआर कोड स्कॅन करून बक्षीस घ्या म्हणणाऱ्यालाही हेच लागू. चुकून पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी.

आणि संदेश खरोखर ओळखीच्या मुलाचा असेल, तर फोन वाजला की नाही, वाजला तर कधी, हे त्याला तारखेसकट सांगावे. ‘छान आहे’ हे त्याला अर्जात कुठेच लिहिता येत नाही.